उचलून ठेवलेले रिसीव्हर

पावसाळी ट्रेकच्या नोंदणीचं एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत, पण गोष्ट घडते ती अशीच. सह्याद्रीत ट्रेक नेणारा एक हौशी गट आहे. जागा २००. नोंदणी शनिवारी सकाळी नऊला उघडणार, हा निरोप आठवडाभर व्हॉट्सॲपवर फिरलेला. नऊला पाच मिनिटं असल्यापासून लोक मोबाइल हातात घेऊन बसलेत. नऊ वाजतात, पहिल्या काही जणांचे अर्ज जातात आणि मग उरलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर एकच वाक्य येतं: काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. लोक अर्थातच पुन्हा प्रयत्न करतात. त्याने प्रकरण आणखी चिघळतं.

वेबसाइट सांभाळणारा गटातलाच एक प्रोग्रॅमर घाईघाईने डेटाबेसचा लॉग उघडतो. तिथे शेकडो वेळा हीच ओळ:

```
FATAL:  sorry, too many clients already
```

डेटाबेस चक्क माफी मागतोय. कधी तिच्याऐवजी `remaining connection slots are reserved` अशी सुरुवात असलेली ओळ दिसते. अर्थ तोच, जागा संपल्या. इथवर आपल्या प्रोग्रॅमरला वाटतं, गर्दी झाली, बिचारं मशीन थकलं असेल. म्हणून तो मशीनवरचा भार बघतो. प्रोसेसर जेमतेम १० टक्के कामात, डिस्क शांत, मेमरी शिल्लक. दुकानदार निवांत बसलाय, गल्ला रिकामा आहे, आणि तरीही दाराबाहेरच्या गिऱ्हाइकांना ‘आत जागा नाही’ म्हणून परत पाठवलं जातंय. मग आतली जागा अडवली कोणी?

हे कळण्यासाठी डेटाबेसचं कनेक्शन म्हणजे काय ते आधी बघायला हवं. आपल्या उदाहरणातला डेटाबेस पोस्टग्रेस आहे. कनेक्शन म्हणजे नुसती तार नव्हे. कोणी पोस्टग्रेसला जोडलं गेलं, की पोस्टग्रेसचा मुख्य प्रोसेस त्या एका माणसासाठी स्वतःची एक प्रत काढतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा एक अख्खा नवा प्रोसेस जन्माला घालतो. तो प्रोसेस फक्त त्याच माणसाचा. तो प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर देणार, आणि तो गप्प बसला तर त्याच्यासमोर गप्प बसून राहणार. अशा प्रत्येक कारकुनाला काही मेगाबाइट मेमरी लागते. शिवाय तो कामाला लागण्याआधी ओळखपाळख, पासवर्डची देवाणघेवाण, संदेश गुप्त ठेवण्याची बोलणी असे सोपस्कार होतात. साध्या क्वेरीचं उत्तर देण्यापेक्षा हे सोपस्कारच अनेकदा जास्त वेळ खातात.

कारकून किती असावेत याला मर्यादा आहे. पोस्टग्रेसमध्ये ती `max_connections` या नावाने लिहिलेली असते आणि कोणी हात लावला नसेल तर ती १०० असते. त्यातल्या ३ जागा प्रशासकासाठी राखीव, म्हणजे सगळं ठप्प झालं तरी आत शिरून बघता यावं. सामान्य फंक्शनला उरल्या ९७.

जुन्या पद्धतीच्या वेबसाइटला हे ९७ भरपूर होत. तिथे एकच मोठा ॲप्लिकेशन सर्व्हर दिवसरात्र चालू असे. सकाळी उठल्यावर तो डेटाबेसकडे २० कनेक्शनं उघडून ठेवी, आणि एका वेळी २०० लोक आले तरी ती २० आळीपाळीने वापरी. एकाची क्वेरी संपली की तेच कनेक्शन दुसऱ्याला. या सामायिक साठ्याला पूल म्हणतात. घरात पाणी भरायला एकच कळशी असावी आणि ती सगळ्यांनी वापरावी, तसं. पण त्यासाठी सगळे एका घरात राहायला हवेत.

ते घर २०१४च्या नोव्हेंबरात मोडायला सुरुवात झाली. ॲमेझॉनने लॅम्डा नावाची सेवा जाहीर केली. तिचं म्हणणं असं, की चोवीस तास सर्व्हर चालू ठेवून भाडं कशाला भरता? तुमचं छोटंसं फंक्शन आमच्याकडे द्या. विनंती आली की आम्ही ते चालवू, काम झालं की थांबवू, आणि चाललं तेवढ्याच वेळाचे पैसे घेऊ. वर्षातून चार शनिवारी गर्दी होणाऱ्या ट्रेकच्या गटाला याहून चांगला सौदा मिळणार नाही. एरवी बिल जवळजवळ शून्य, आणि गर्दी झाली की फंक्शनच्या हव्या तितक्या प्रती आपोआप उभ्या राहतात.

गोम इथेच आहे. लॅम्डाची प्रत्येक प्रत स्वतंत्र खोलीत चालते आणि एका खोलीत एका वेळी एकच विनंती हाताळली जाते. शेजारच्या खोलीत काय चाललंय हे या खोलीला कळत नाही. त्यामुळे पूल नावाची गोष्टच उरत नाही. प्रत्येक खोलीची आपली कळशी वेगळी. दीडशे खोल्या उघडल्या तर दीडशे कनेक्शनं. एका खात्याला एका वेळी सहसा १००० खोल्यांपर्यंत मुभा असते. पलीकडे डेटाबेसपाशी जागा ९७.

आता नऊ वाजताचा हिशेब मांडू. समजा, सेकंदाला १५० विनंत्या येताहेत. प्रत्येक फंक्शनला पूर्ण व्हायला सरासरी १.२ सेकंद लागतात: मोबाइल नंबर दुसऱ्या सेवेकडून तपासून घ्यायचा, अर्जदाराला ईमेल पाठवायची, असली कामं त्यात आहेत. एका क्षणी किती फंक्शन चालू असतील? १५० गुणिले १.२, म्हणजे १८०. रांगांच्या शास्त्रातला हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला आणि तो लिटलचा नियम म्हणूनच ओळखला जातो. येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा वेळ बरोबर आत असलेल्यांची संख्या. लग्नाच्या पंगतीचा अंदाज बांधणारा आचारीही हेच गणित करतो, फक्त त्याने त्याला नाव दिलेलं नसतं.

१८० फंक्शनांनी प्रत्येकी एक कनेक्शन धरलं तर ९७ जागा पाऊण सेकंदाच्या आतच संपतात. पण त्या १.२ सेकंदांत फंक्शन डेटाबेसशी बोलत किती वेळ असतं? जागा शिल्लक आहे का बघायचं, अर्ज लिहायचा. मिळून १५ मिलिसेकंद. उरलेला वेळ कनेक्शन नुसतं हातात धरलेलं असतं. म्हणजे खऱ्या बोलण्याचा हिशेब केला तर १५० गुणिले ०.०१५, म्हणजे सव्वादोन. सेकंदाला दीडशे विनंत्यांना सरासरी दोन-तीन कनेक्शनं पुरली असती, आणि आपण १८० मागत होतो. प्रोसेसर १० टक्क्यांवर निवांत का होता, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे.

घरोघरी एकच लँडलाइन होती तेव्हाचा काळ आठवणाऱ्यांना हे लगेच समजेल. फोनवर कोणी बोलत नाहीये, पण रिसीव्हर उचलून बाजूला ठेवलाय. आणि बाहेरून फोन करणाऱ्याला तासभर एंगेज टोन. ट्रेकच्या डेटाबेसपुढे असे शेकड्याने रिसीव्हर उचलून ठेवलेले होते.

लॅम्डाची एक सवय यात भर घालते. काम झालं की खोली लगेच पाडली जात नाही. लवकरच दुसरी विनंती येईल या आशेने ती गोठवून ठेवली जाते, आणि किती वेळ ठेवणार हे ॲमेझॉन सांगत नाही. गोठलेल्या खोलीत काहीच चालत नाही. कनेक्शन बराच वेळ रिकामं असेल तर बंद कर, अशी सूचना तुम्ही कोडमध्ये लिहिली असली तरी ती बजावायला कोणी जागं नसतं. पुढे कधीतरी ॲमेझॉन ती खोली पाडतं, तेव्हाही अनेकदा डेटाबेसला ‘येतो आता’ असं सांगितलं जात नाही. डेटाबेसच्या बाजूने कनेक्शन चालूच. समोरचा जिवंत आहे का, हे लिनक्स स्वतःहून विचारतं ते मुळातल्या सेटिंगप्रमाणे दोन तासांनी. तोवर कारकून भुताशी फोन लावून बसलेला. नोंदणीच्या ऐन वेळी कोडमध्ये घाईने सुधारणा करून नवी आवृत्ती चढवली, तर नव्या खोल्या नवी कनेक्शनं मागतात आणि जुन्या गोठलेल्या खोल्या आपली सोडत नाहीत. दुरुस्ती करायला गेलेला माणूसच गर्दी दुप्पट करतो.

हाच आजार आहे की दुसरा, हे ओळखायला राखीव जागेतून आत शिरून एक प्रश्न विचारायचा:

```
SELECT state, count(*)
FROM pg_stat_activity
GROUP BY state;
```

उत्तरात `active` समोर दोन-तीन आणि `idle` समोर नव्वदच्या आसपास दिसलं, तर जागा झोपलेल्यांनी अडवल्या आहेत. उलट `active` समोरच नव्वद असतील आणि प्रोसेसर शंभर टक्के असेल, तर तो वेगळा रोग. तिथे क्वेरी सुधाराव्या लागतात किंवा मोठं मशीन घ्यावं लागतं. पुढे सांगतोय तो उपाय त्याला लागू पडत नाही.

इथे सगळ्यांना एकच सोपी युक्ती सुचते, `max_connections` १०० चे १००० करण्याची. करता येतं, त्यासाठी डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, एवढंच. पण आपल्या मशीनला प्रोसेसरचे कोर दोन आहेत. हजार प्रोसेस उभे केले तरी एका क्षणी दोनच धावणार. एरवी ते झोपलेलेच राहतात म्हणून चालून जातं, पण एखाद्या दिवशी त्यातले चारशे एकदम जागे झाले तर प्रोसेसरचा वेळ कामापेक्षा यांच्यात उठबस करण्यातच जातो. शिवाय पोस्टग्रेसला प्रत्येक क्वेरीआधी ‘आत्ता कोणाकोणाचे व्यवहार अर्धवट आहेत’ याची यादी घ्यावी लागते. कनेक्शनांची संख्या वाढली की पूर्वी हे काम महाग होत जाई. २०२१च्या आवृत्ती १४ मध्ये ते बरंच स्वस्त झालं. मेमरीचं मात्र तसं नाही. प्रत्येक प्रोसेस आपला वाटा घेणारच, आणि छोट्या मशीनची मेमरी संपली तर ऑपरेटिंग सिस्टिम सरळ कोणाला तरी ठार करते. तेव्हा माफीही मागितली जात नाही.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक विनंतीला कनेक्शन उघडायचं आणि काम झालं की लगेच मिटायचं. रिसीव्हर उचलून ठेवला जात नाही हे खरं, पण सेकंदाला दीडशे कारकून जन्माला घालायचे आणि मारायचे. मघाचे सोपस्कार दीडशे वेळा. तिसरी युक्ती प्रामाणिक आहे आणि लहान कामाला पुरतेही: एका वेळी ८० पेक्षा जास्त फंक्शन चालवू नका, अशी लॅम्डालाच मर्यादा घालायची. डेटाबेस वाचतो. पण नऊ वाजता आलेल्या १८० पैकी शंभर जण दारातूनच परत जातात, आणि तेही डेटाबेस निवांत बसलेला असताना.

खरा उपाय टेलिफोनच्याच जगात आधीपासून होता. मोठ्या कचेरीत टेबलावर फोन शंभर, पण बाहेर जाणाऱ्या लाइनी पाच-सहा. मध्ये ऑपरेटर. ज्याला बाहेर बोलायचंय त्याला रिकामी लाइन जोडून द्यायची, बोलणं संपलं की काढून घ्यायची. टेबलावरचा फोन मात्र कायम त्याचाच. डेटाबेसच्या दारात बसणाऱ्या अशा ऑपरेटरला प्रॉक्सी म्हणतात. पोस्टग्रेससाठी त्यातला सर्वात मुरलेला म्हणजे पीजीबाउन्सर. तो स्काइप कंपनीत घडला आणि २००७ सालापासून सगळ्यांसाठी मोफत उपलब्ध आहे.

पीजीबाउन्सर फंक्शनशी बोलताना स्वतःच पोस्टग्रेस असल्याचं सोंग घेतो. फंक्शनला कोडमध्ये काही बदलावं लागत नाही. पत्त्यात पोर्ट ५४३२ ऐवजी ६४३२ लिहिलं की झालं. फंक्शन जोडलं जातं, पासवर्ड तपासला जातो, आणि त्याला वाटतं आपण डेटाबेसपाशी पोचलो. प्रत्यक्षात मागे अजून कोणीही हललेलं नसतं. पीजीबाउन्सरला असं एक कनेक्शन सांभाळायला सुमारे २ किलोबाइट मेमरी पुरते, कारण तो कोणासाठी नवा प्रोसेस काढत नाही. एकाच धाग्यात बसून सगळ्यांचे निरोप इकडचे तिकडे करतो. फंक्शनने पहिली क्वेरी पाठवली, की मागच्या वीसपैकी एक मोकळं खरं कनेक्शन उचलून तो त्याला जोडून देतो.

मग ते परत कधी घ्यायचं? बोलणं संपलं हे ऑपरेटरला कसं कळणार? या यंत्रणेतला मला सर्वात आवडणारा तपशील इथे आहे. प्रत्येक उत्तराच्या शेवटी पोस्टग्रेस ‘मी पुढच्या प्रश्नाला तयार’ असा एक छोटा निरोप पाठवतो आणि त्यात एक अक्षर असतं. `T` म्हणजे व्यवहार अर्धवट आहे, `E` म्हणजे व्यवहार फसलाय पण अजून मिटलेला नाही, आणि `I` म्हणजे कोणताही व्यवहार चालू नाही. पीजीबाउन्सरला क्वेरीत काय लिहिलंय हे समजून घ्यायची गरजच नाही. तो या अक्षरावर नजर ठेवून असतो. `I` दिसलं की लाइन काढून घेतली आणि पुढच्याला जोडली. व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, संपेपर्यंतच कनेक्शन द्यायचं या पद्धतीला ट्रान्झॅक्शन पूलिंग म्हणतात. मघाशी १.२ सेकंद अडून राहणारं कनेक्शन आता १५ मिलिसेकंदांत मोकळं होतं. १८० चे सव्वादोन होतात ते इथे.

सेटिंगची फाइल छोटी आहे. पासवर्डाच्या ओळी सोडल्या तर एवढीच:

```
[databases]
trek = host=10.0.1.20 port=5432 dbname=trek

[pgbouncer]
listen_addr = *
listen_port = 6432
pool_mode = transaction
max_client_conn = 1000
default_pool_size = 20
query_wait_timeout = 10
```

यातल्या तीन ओळी विसरल्या तर पस्तावा ठरलेला. `pool_mode` लिहिलं नाही तर पीजीबाउन्सर `session` पद्धतीने चालतो, म्हणजे फंक्शन निरोप घेईपर्यंत लाइन त्याचीच. गोठलेली फंक्शनं निरोप घेत नाहीत, तेव्हा ऑपरेटर बसवूनही स्थिती पूर्ववत. `max_client_conn` लिहिलं नाही तर ते १०० धरलं जातं आणि तीच गर्दी एक दार अलीकडे तुंबते. `query_wait_timeout` मुळात १२० सेकंदांचं आहे. लाइन मिळण्याची वाट बघत दोन मिनिटं कोणी बसत नाही. माणूस केव्हाच निघून गेलेला असतो आणि फंक्शन मात्र पैसे जाळत उभं राहतं. दहा सेकंद पुष्कळ झाले.

सव्वादोन पुरत असताना वीस का, असं कोणी विचारेल. सव्वादोन ही सरासरी आहे आणि माणसं सरासरीने येत नाहीत, नऊच्या ठोक्याला येतात. पण वीसचे दोनशे करायचा मोह टाळावा. दोन कोरच्या मशीनला थोड्या लाइनी आणि बाहेर छोटी रांग हेच जास्त मानवतं. रांगेत काही मिलिसेकंद थांबणं हे आतल्या चेंगराचेंगरीपेक्षा कधीही बरं.

आता या सौद्याची किंमत. प्रत्येक वेळी लाइन बदलते, म्हणजे पलीकडचा कारकून बदलतो. ‘मघाशी सांगितलं तसं’ हे वाक्य त्याच्याशी बोलताना चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये `SET` या आज्ञेने कारकुनाला एखादी गोष्ट लक्षात ठेवायला सांगता येते, उदाहरणार्थ, आत्ता बोलणारा सभासद कोण आहे. साध्या जोडणीत ती गोष्ट कनेक्शन असेपर्यंत टिकते. ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्येही ती टिकते, पण त्या कारकुनापाशी. पुढच्याच मिलिसेकंदाला तो कारकून दुसऱ्या कोणाला तरी जोडला जातो आणि त्याला पहिल्याचीच व्यक्ती समजतो. एकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते, आणि लॉगमध्ये त्याची एकही ओळ सापडत नाही. ‘जागा नाही’ म्हणून ओरडणारी चूक परवडली, ही गप्प बसणारी नको. यावर उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आत `SET LOCAL` वापरायचं. व्यवहार संपला की कारकून ते विसरतो. तात्पुरते तक्ते, कनेक्शनभर धरून ठेवलेली कुलुपं, `LISTEN` लावून निरोपाची वाट बघत बसणं, हे सगळं याच जातीचं. अशी कामं प्रॉक्सीला वळसा घालून थेट ५४३२ वर करावीत. आधी तयार करून ठेवलेल्या, म्हणजे प्रिपेअर्ड, क्वेरीही पूर्वी याच कारणाने अडत. ऑक्टोबर २०२३ मधल्या १.२१ आवृत्तीपासून पीजीबाउन्सर त्या स्वतः लक्षात ठेवू लागला.

ॲमेझॉनने २०२० साली आपला स्वतःचा ऑपरेटर सर्वांसाठी खुला केला, आरडीएस प्रॉक्सी. त्याने या प्रश्नावर वेगळा पवित्रा घेतला. कोणी `SET` वगैरे केलं आणि ते कारकुनापाशी चिकटून राहील असं वाटलं, की तो लाइन काढून घेतच नाही. त्या फंक्शनला ती बांधून टाकतो. याला पिनिंग म्हणतात. माहिती चुकीच्या माणसाकडे जात नाही, पण तेवढ्यापुरता पूलचा फायदा जातो. सगळ्याच फंक्शनांची लायब्ररी सुरुवातीला एखादं `SET` करत असेल तर सगळीच बांधली जातात आणि गर्दी पहिल्यासारखी होते. बाहेरून काही कळत नाही, महिन्याचं बिल मात्र चालू असतं. ते घेतलं असेल तर `DatabaseConnectionsCurrentlySessionPinned` हा आकडा अधूनमधून बघावा. पीजीबाउन्सर फुकट आहे पण त्याचं मशीन तुम्हीच जागतं ठेवायचं, आणि ते पडलं तर डेटाबेस धडधाकट असूनही सगळं बंद. ट्रेकच्या गटाने काय घ्यावं, यावर माझं मत पीजीबाउन्सरकडे झुकतं, पण रात्री फोन उचलणारा माणूस गटात असेल तरच.

आता पुढचा शनिवार. प्रॉक्सी बसवलेली आहे. नऊ वाजतात, पान झरझर उघडतं, जागा दिसतात, आणि नऊ वाजून काही सेकंदांनी पुन्हा सगळं अडकतं. या वेळी डेटाबेस माफी मागत नाही. लोक नुसते चक्र फिरताना बघत बसतात. पीजीबाउन्सरला `SHOW POOLS` विचारलं, तर `cl_waiting`, म्हणजे लाइनीची वाट बघणारे, दीडशेच्या वर आणि `sv_active` पूर्ण २०. डेटाबेसला विचारलं, तर एक कनेक्शन `idle in transaction` आणि उरलेली १९ `active`, पण सगळी एका कुलपापाशी खोळंबलेली.

दोष अर्ज नोंदवणाऱ्या फंक्शनात होता. ते ट्रान्झॅक्शन सुरू करी, शिल्लक जागांची ओळ `FOR UPDATE` ने कुलूपबंद करी, पैसे घेणाऱ्या सेवेला विचारणा करी आणि तिचं उत्तर आल्यावर जागा कमी करून ट्रान्झॅक्शन मिटवी. त्या सेवेला उत्तर द्यायला दोन सेकंद लागत. तेवढा वेळ `T` हे अक्षर हलत नाही, म्हणून ऑपरेटर लाइन सोडवू शकत नाही. दुसरा अर्जदार त्याच ओळीच्या कुलपापाशी उभा, तिसरा त्याच्यामागे; बघता बघता विसाव्या लाइनीपर्यंत. दोन सेकंदांना एक अर्ज या गतीने २०० जागा भरायला पावणेसात मिनिटं लागली असती, आणि नुसतं पान बघायला आलेल्यांनाही लाइन मिळत नव्हती. पूर्वी ९७ जागा होत्या तेव्हा हीच चूक गर्दीत लपून गेली होती. प्रॉक्सीने ती उघडी पाडली.

दुरुस्ती कोडमध्येच करावी लागली. एकाऐवजी दोन छोटी ट्रान्झॅक्शनं. पहिल्यात जागा एकने कमी करून ‘दहा मिनिटांसाठी राखून ठेवली’ अशी नोंद करायची आणि लगेच मिटवायचं. मग हातात कोणतंही कनेक्शन न धरता पैसे घेणाऱ्या सेवेशी दोन सेकंद बोलायचं. पैसे आले तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद पक्की करायची. दहा मिनिटांत आले नाहीत तर ती जागा पुन्हा मोकळी करणारं एक वेगळं फंक्शन दर मिनिटाला फिरतं. पैसे अकराव्या मिनिटाला आले तर काय, हा प्रश्न उरतोच. तिथे परतावा द्यावा लागतो. पूर्वीच्या रचनेत हा प्रश्न नव्हता हे मान्य करायला हवं. पण पूर्वीच्या रचनेत अर्जही जात नव्हते.

तिसऱ्या शनिवारी प्रोग्रॅमर नऊला दोन मिनिटं असताना `SHOW POOLS` उघडून बसला. नऊ वाजून पाच सेकंदांनी त्याला जे दिसलं त्यातले कामाचे रकाने हे:

```
 database | cl_active | cl_waiting | sv_active | sv_idle
----------+-----------+------------+-----------+---------
 trek     |       183 |          0 |         3 |      17
```

१८३ फोन उचललेले, लाइनी चालू तीन, सतरा मोकळ्या. काही मिनिटांत २०० जागा राखल्या गेल्या. २०१ व्या माणसाच्या पडद्यावर आलं: जागा संपल्या, प्रतीक्षा यादीत नाव घालायचं का?